डॅशबोर्डचे दिवे : चित्रं पाठ करण्यापेक्षा घराणी ओळखली तर?

मृण्मयी_सातारा
नमस्कार मंडळी. माझी आई ५७ व्या वर्षी गाडी शिकली. लायसन्स आलं, गावात व्यवस्थित चालवते, पण दिव्यांची तिला धास्ती आहे. आमच्या घरी दोन गाड्या आहेत, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, आणि भावाची तिसरीच. प्रत्येकीच्या पुस्तकात पन्नास-साठ चित्रं. आईने पहिल्या गाडीची पाठ केली आणि दुसऱ्या गाडीत बसल्यावर म्हणाली, "यातलं निम्मं वेगळंच आहे गं."

मग आम्ही दोघींनी पोस्टकार्डाएवढे कागद कापले आणि चित्रांची घराणी पाडली. इंजिनचं घराणं, बॅटरीचं, तेलाच्या कुपीचं आणि तापमापीचं. चित्रातली वस्तू सांगते की कुठे दुखतंय. रंग सांगतो किती दुखतंय. आणि चित्राला चिकटलेली लहानशी खूण, म्हणजे लाट, उद्गारचिन्ह, दातेरी चाक, सांगते की नेमकं काय. हे मूळ आकार जवळजवळ सगळ्या कंपन्यांत सारखे दिसले. गंमत म्हणजे तेलाची कुपी आईने एका क्षणात ओळखली: "ही तर शिलाई मशीनची!" नळीच्या टोकाशी लोंबणारा थेंबही तिनेच मला दाखवला, मी इतकी वर्षं त्याला अल्लाद्दीनचा दिवा समजत होते.

प्रश्न असा, की या पद्धतीने शिकवलं तर ती कुठे फसेल? कोणत्या गाडीत घराण्याचा नियम मोडतो?

विनय७४
छान कल्पना. तेलाच्या कुपीचं सोपं आहे, ऑइल कमी झालं. एक लिटर ओता आणि चालू लागा. डिकीत एक डबा ठेवायला सांगा आईंना.

नीलपंख
इंजिनचं चित्र आमच्या घरी "पाणबुडी" म्हणून ओळखतात. मुलगा मागच्या सीटवरून ओरडतो, "बाबा, पाणबुडी आली!"

गॅरेजकट्टा_अण्णा
मृण्मयीताई, पद्धत चांगली आहे. ही चित्रं कंपन्यांनी आपापल्या मनाने काढलेली नाहीत, ISO 2575 नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे त्यासाठी. म्हणून कोरियन, जपानी, जर्मन, आपली, कुठलीही गाडी घ्या, कुपी ती कुपीच. फरक पडतो तो रंगात, आणि दिवा कधी लावायचा या ठरवण्यात.

पण विनयराव, तुमचं वाक्य मला लगेच दुरुस्त करावंसं वाटतं, कारण त्या समजुतीने बसलेली इंजिनं मी उघडली आहेत. लाल कुपी म्हणजे ऑइलचं प्रेशर गेलं. पातळी नव्हे. ऑइल काठोकाठ असतानाही लाल कुपी लागू शकते. पंप गेला, खालची जाळी गाळाने बुजली, बेअरिंग झिजली, काहीही असेल. गरम इंजिन रस्त्यावर चालताना साधारण दोन ते चार बार प्रेशर असतं. कुपीच्या दिव्याचा स्विच बऱ्याच गाड्यांत अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याच्याही खाली लागतो. म्हणजे दिवा दिसतो तेव्हा प्रेशर जवळपास संपलेलं असतं. तो आगाऊ इशारा नाही. तिथे गाडी "पुढच्या पंपापर्यंत" न्यायची नसते. बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं.

विनय७४
अण्णा, मग माझ्या गाडीत कुपी आली तेव्हा स्क्रीनवर चक्क "ऑइल भरा" असं आलं होतं. भरलं, दिवा गेला, दोन वर्षं गाडी ठणठणीत आहे. हे कसं?

गॅरेजकट्टा_अण्णा
रंग आठवतोय का?

विनय७४
पिवळी होती. जर्मन गाडी आहे.

गॅरेजकट्टा_अण्णा
मग तुम्ही केलंत ते अगदी बरोबर. फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडी यांच्यात बऱ्याच मॉडेलांना पातळीचा वेगळा सेन्सर असतो. पिवळी कुपी म्हणजे पातळी, लाल कुपी म्हणजे प्रेशर. आकार तोच, अर्थ दोन. पण आपल्याकडच्या कित्येक लहान गाड्यांत पातळीचा सेन्सरच नसतो, तिथे पिवळी कुपी कधी येणारच नाही. थेट लाल येईल. म्हणून मृण्मयीताई, कागदावर कुपी एकदा नव्हे, दोनदा काढा, दोन रंगांत.

स्वप्निल_ट्रॅव्हल्स
मी भाड्याच्या गाड्या चालवतो, आज ही तर उद्या ती, त्यामुळे घराण्याची युक्ती मी नकळत वापरतच होतो. कुपीचा माझा अनुभव सांगतो.

साखरप्याकडून आंबा घाट चढत होतो. मागे चार माणसं आणि सामान. डाव्या वळणावर लाल कुपी क्षणभर चमकली आणि गेली. पुढच्या डाव्या वळणावर परत. सरळ रस्त्यावर काही नाही, उजव्या वळणावर काही नाही. एकाने मागून सांगितलं, "वायर ढिली असेल, चला." मला ते पटलं नाही, कारण ढिली वायर डावं-उजवं बघत नाही. रुंद जागा मिळाली तिथे बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, दहा मिनिटं थांबलो म्हणजे वरचं ऑइल खाली उतरेल. डिपस्टिक काढून पुसली, परत घातली, काढली. नुसतं टोक ओलं. खालच्या खुणेच्याही खाली. आठच दिवसांपूर्वी ऑइल बदललं होतं. खाली वाकून पाहिलं तर चेंबरच्या बोल्टला थेंब, आणि मागच्या पत्र्यावर सगळा काळा फवारा.

एका मोटारसायकलवाल्या दादांनी साखरप्याहून दोन लिटर आणून दिलं. आधी दीड ओतलं, डिपस्टिक बघितली, मग थोडं अजून. चावी फिरवल्यावर कुपी लागली, इंजिन चालू होताच दोन-तीन सेकंदांत विझली, आणि नंतर वळणावरही आली नाही. दर दहा किलोमीटरला थांबून डिपस्टिक बघत बघत मलकापुरात गॅरेजला नेली. बोल्टखालचा वॉशर जुनाच बसवला होता.

गॅरेजकट्टा_अण्णा
स्वप्निल, शाबास. ऑइल कमी असलं की वळणावर ते चेंबरच्या एका बाजूला सरकतं, जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. म्हणून एकाच बाजूच्या वळणावर दिवा. एक भर घालतो: पातळी पूर्ण करूनही कुपी विझली नसती, तर इंजिन परत चालू करायचं नव्हतं. तिथून गाडी ओढूनच न्यायची.

आणि कुपी गरम इंजिनवर, सिग्नलला उभं असतानाच लुकलुकत असेल तर पातळी ठीक असूनही प्रेशर काठावर आलंय. ते बेअरिंगमुळे की स्विच खराब म्हणून, हे दिव्यावरून ठरत नाही. स्विच काढून त्या जागी काट्याचं गेज लावून बघावं लागतं. काही जण फक्त स्विच बदलतात आणि दिवा गेला म्हणून गिऱ्हाईक खूश होऊन जातं. मला ते मान्य नाही. आधी गेज, मग स्विच.

बाजीराव_पाटील
आमच्या ट्रॅक्टरला लाल दिवा लागतो, बॅटरीचा. बॅटरी मागच्याच महिन्यात नवी घातली. दुकानदार म्हणतो बॅटरीत दोष नाही. आता दुसऱ्या कंपनीची घ्यावी का? कोणती चांगली?

नीलपंख
पाटीलकाका, धागा चित्रं ओळखण्याचा आहे, बॅटरी खरेदीचा नाही :)

गॅरेजकट्टा_अण्णा
नीलपंख, थांबा, काकांचा प्रश्न धाग्याच्या अगदी मधोमध आहे. काका, दिवा लागल्यापासून ट्रॅक्टर गरम होतोय का? आणि बोनेट उघडून पंख्याचा पट्टा बघितला का?

बाजीराव_पाटील
परवा ऊस भरून कारखान्याला जाताना काटा लाल पट्ट्यात गेला होता. थांबून रेडिएटरवर पाणी मारलं. पट्टा बघितला नाही, कारण दिव्यात तर बॅटरीचं चित्र आहे.

गॅरेजकट्टा_अण्णा
काका, हेच त्या चित्राचं फसवं आहे. चौकोनी डबा, वर दोन टोकं, अधिक-उणे. चित्र बॅटरीचं, पण तक्रार बहुतेक वेळा बॅटरीची नसते. दिवा सांगतो की चार्जिंग होत नाहीये. अल्टरनेटर गेला असेल, वायर सुटली असेल, किंवा पट्टा सैल झाला किंवा तुटला असेल. बहुतेक ट्रॅक्टरांत तोच एक पट्टा अल्टरनेटर, पंखा आणि पाण्याचा पंप असे तिन्ही फिरवतो. म्हणून आधी बॅटरीचा दिवा आणि मागोमाग तापमानाचा काटा. तुमचे दोन आजार नाहीत, एकच आहे.

आता करायचं असं. इंजिन बंद, थंड. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबा. बोटाच्या जाडीएवढा दबला तर ठीक, लोंबतोय तर सैल. आतली बाजू चकचकीत झाली असेल किंवा चिरा असतील तर बदला. मग मल्टिमीटर असेल तर बॅटरीच्या टोकांवर लावा: इंजिन बंद असताना साडेबाराच्या आसपास व्होल्ट, चालू असताना पावणेचौदा ते साडेचौदा. चालू असतानाही साडेबाराच दाखवत असेल तर चार्जिंग नाही. आणि तोवर ऊस ओढू नका.

बाजीराव_पाटील
पट्टा बघून आलो. आतून पार गुळगुळीत, आणि एका जागी बोट जाईल एवढी चीर. दाबला तर चांगला आत जातो. फोटो टाकता येत नाही. नवा आणायला पोराला पाठवलंय. नशीब दुसरी बॅटरी नाही घेतली.

मृण्मयी_सातारा
पाटीलकाका, तुमचा हा किस्सा मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. बॅटरीच्या कागदामागे तिने लिहिलं, "डब्याचं चित्र, पण पट्टा बघ."
अण्णा, कारमध्येही असंच का? बॅटरीचा दिवा आला की इंजिन गरम होणारच?

गॅरेजकट्टा_अण्णा
प्रत्येक कारमध्ये नाही. काही इंजिनांत पाण्याचा पंप बाहेरच्या पट्ट्यावर असतो, काहींत आतल्या टायमिंग बेल्टवर. पहिल्या प्रकारात तुटलेला पट्टा म्हणजे मिनिटांचा प्रश्न. दुसऱ्यात बॅटरी संपेपर्यंत गाडी चालते. आईंना सांगा, बॅटरी लाल झाली की एसी आणि म्युझिक बंद करायचं आणि तापमानावर डोळा ठेवून जवळच थांबायचं. स्टिअरिंग अचानक जड झालं तर पट्टा गेला असं धरून लगेच थांबायचं.

रेवती_कोथरूड
माझी इलेक्ट्रिक गाडी आहे. कुपी नाही, पाणबुडी नाही. पण बॅटरीचं घराणं मात्र दुप्पट झालंय! अधिक-उणेवाला जुना डबा लाल आला तेव्हा मला वाटलं मोठी बॅटरी गेली, पोटात गोळाच आला. सर्व्हिसवाल्यांनी सांगितलं की इलेक्ट्रिक गाडीतही लहान १२ व्होल्टची बॅटरी असते, दिवे, लॉक, कॉम्प्युटर तिच्यावर चालतात, आणि ते चित्र तिच्या बाजूचं आहे. मोठ्या बॅटरीच्या तक्रारीला वेगळं चित्र आहे. शिवाय एक कासव आहे: गाडी ताकद कमी करून चालतेय. ते मात्र कुणी न सांगता कळलं.

दूरदेशी_न्यूजर्सी
इंजिनच्या चित्राबद्दल लिहितो. इकडे पेट्रोल भरल्यावर टाकीचं झाकण नीट "टक् टक्" करून बसवलं नाही तर दोन-चार दिवसांनी पिवळं इंजिन पेटतं. पहिल्यांदा मी शंभर डॉलर तपासणीला घालवले, निघालं काय, तर झाकण. टाकीची वाफ बाहेर गळत नाही ना हे गाडी स्वतः तपासते, आणि गळती म्हणजे इंजिनचाच दिवा. गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड P0455 होता. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की पिवळ्या इंजिनाला घाबरायचं कारण नाही, आधी झाकण बघा आणि चालवत राहा.

गॅरेजकट्टा_अण्णा
दूरदेशी, झाकणाचं बरोबर, "चालवत राहा" हे अर्धंच. चारही घराण्यांत इंजिन सगळ्यात मोघम आहे. त्यात शेकडो कोड येतात, झाकणापासून मिसफायरपर्यंत. स्कॅनर लावल्याशिवाय त्या चित्रावरून काही ठरत नाही. पण एक गोष्ट चित्रावरूनच कळते: स्थिर की लुकलुकतं. स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर एक-दोन दिवसांत दाखवा. लुकलुकत असेल आणि गाडी धक्के मारत असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नाहीये, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतंय. एक इग्निशन कॉइल बदलायचं काम कन्व्हर्टर बदलण्यापर्यंत जातं. लगेच पाय काढा आणि थांबा.

आणि मृण्मयीताई, नियम कुठे मोडतो म्हणालात ना, हे घ्या. फोक्सवॅगन घराण्याच्या डिझेल गाड्यांत स्प्रिंगसारखं पिवळं चित्र असतं, ग्लो प्लगचं. सकाळी लागतं आणि विझतं, ते ठीक. पण चालताना ते लुकलुकलं तर अर्थ इंजिनच्या नियंत्रणात बिघाड. म्हणजे स्प्रिंग दाखवून इंजिनची तक्रार.

तुषार_रेषा
मला एक अडचण मांडायची आहे. मी रंगांध आहे, लाल आणि नारिंगी-पिवळा मला जवळपास सारखेच दिसतात. "वस्तू कुठे, रंग किती" यातला दुसरा अर्धा भाग माझ्यासाठी नाहीच. अण्णांची लाल आणि पिवळी कुपी मला रात्री एकच वाटेल. मी आकारावरच चालतो, आणि शंका आली की थांबतो. बायको सोबत असेल तर तिला विचारतो. एकटा असताना काय करावं?

मृण्मयी_सातारा
तुषार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या कागदांवर रंग हाच मोठा आधार आहे.

स्वप्निल_ट्रॅव्हल्स
मी चालवलेल्या काही गाड्यांत लाल दिव्याबरोबर मोठा बझर वाजतो आणि स्क्रीनवर थांबा असं येतं, पिवळ्याला एकदाच टिंग. पण सगळ्या गाड्यांत असं नाही, जुन्यांत तर नुसताच दिवा.

गॅरेजकट्टा_अण्णा
तुषार, पिवळ्या कुपीला काही गाड्यांत खाली लाट असते, ती बघा. लाट म्हणजे द्रवाची पातळी. पण सगळ्यांत नसते, त्यामुळे खात्रीचा उपाय माझ्याकडे नाही. तुम्ही करता तेच ठीक: कुपी आणि पाण्यातली तापमापी, ही दोन चित्रं कुठल्याही रंगात दिसली तरी थांबा. चुकून थांबलात तर दहा मिनिटं जातील.

तुषार_रेषा
एवढं चालेल. पण निळी तापमापी? निळा मला दिसतो नीट.

नीलपंख
हो, निळीचं विसरलोच सगळे. आमच्या गाडीत काटाच नाही. सकाळी निळी तापमापी, दोन-तीन किलोमीटरनंतर विझते.

गॅरेजकट्टा_अण्णा
मारुती आणि होंडाच्या बऱ्याच मॉडेलांत तसं आहे. लाटांत रोवलेली तापमापी निळी म्हणजे इंजिन अजून थंड, जोरात पळवू नका. लाल म्हणजे उकळतंय. तीच तापमापी दातेरी चाकाच्या आत असेल तर पाण्याशी संबंध नाही, गिअरबॉक्सचं ऑइल तापलंय. घाटातल्या ट्रॅफिकमध्ये ऑटोमॅटिक गाडी इंच-इंच सरकवली की येते. थांबा, P मध्ये टाका, थंड होऊ द्या.

लाल तापमापीची एक मर्यादा मात्र सांगितलीच पाहिजे. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो तोवरच खरं सांगतो. पाइप फुटून कूलंट एकदम सांडलं तर सेन्सर कोरडा लटकतो आणि दिवा उशिरा लागतो, कधी लागतच नाही. म्हणून बोनेटमधून वाफ, गोडसर वास, किंवा हिवाळ्यात हीटरमधून अचानक गार हवा, यातलं काही आलं तर चित्राची वाट बघू नका. आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, अर्धा-पाऊण तास तरी थांबायचं.

मृण्मयी_सातारा
आईचा प्रश्न आहे, तिच्याच शब्दांत: "निळी विझली आणि लाल आली नाही, तर मधलं कसं कळायचं?"

गॅरेजकट्टा_अण्णा
आईंना नमस्कार सांगा. काटा नसलेल्या गाडीत मधलं कळत नाही. ओबीडी सॉकेटला लहान यंत्र लावून मोबाइलवर आकडा बघता येतो, तेवढंच. मला स्वतःला काटा असलेली गाडीच आवडते.

आणि त्यांना रोजचा एक सराव द्या. चावी फिरवायची, पण इंजिन लगेच चालू करायचं नाही. त्या क्षणी कुपी, बॅटरी आणि इंजिन ही तिन्ही चित्रं लागलीच पाहिजेत, कारण प्रेशर नाही, अल्टरनेटर फिरत नाही आणि गाडी स्वतःचे दिवे तपासतेय. तापमापी काही गाड्यांत क्षणभर लाल होऊन जाते, काहींत नाही. मग इंजिन चालू करायचं आणि तिन्ही विझतायत का ते बघायचं. बटणाची गाडी असेल तर ब्रेक न दाबता बटण, बऱ्याच गाड्यांत दोनदा. पाठांतरापेक्षा हे बरं, रोज चित्रं आपोआप डोळ्यांखालून जातात.

मृण्मयी_सातारा
आठ दिवसांनी परत लिहितेय. आई रोज सकाळी चावी फिरवून तिन्ही नावं मोठ्याने म्हणते: कुपी, डबा, इंजिन. भावाच्या गाडीतही जमलं, तिथे चित्रांच्या जागा वेगळ्या आहेत तरीही.

काल भाचीसाठी एक जुनी गाडी बघायला गेलो होतो. गाडी चकाचक, विकणारे गृहस्थ बोलायला गोड, डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. आईने चावी मागितली, फिरवली आणि थांबली. कुपी आली, डबा आला. तिने चावी बंद करून परत फिरवली. मग मला हळूच म्हणाली, "यात इंजिन लागतच नाहीये."

गॅरेजकट्टा_अण्णा
व्यवहार थांबवा. दिवा खरंच खराब असू शकतो, किंवा कुणीतरी मुद्दाम बंद केला असेल, बसल्या जागी सांगता येणार नाही. पण दिवा बंद केला तरी कोड आत राहतात, स्कॅनरने वाचता येतात. आणि कोडही नुकतेच पुसलेले असतील तर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या "अपूर्ण" दिसतील, तेही बघायला सांगा.

मृण्मयी_सातारा
सोमवारी स्कॅनर लावायचं ठरलंय. गृहस्थ आधी "हो" म्हणाले, आता फोन उचलत नाहीयेत. कळवते.

बाजीराव_पाटील
पट्टा बसवला. दिवा गेला, काटा मधोमध. आज दोन खेपा केल्या.